एनिडच्या कौतुकाचं शेपूट

माझी नणंद एनिड कधी कुणाला वाईट बोलली नाही. हे मी कुठंही शपथेवर सांगेन. ती फक्त कौतुक करायची, आणि तिच्या प्रत्येक कौतुकाला मागं एक शेपूट असायचं.

"पडदे काय सुंदर शिवलेस गं कोरल! शहरातल्या मुलींना सुई धरता येते, हे मला आजच कळलं." किंवा, "रॉसचं वजन वाढलेलं दिसतंय. म्हणजे डबे उघडायला शिकलीस तू!"

आता अशा बाईला म्हणायचं काय? गप्प बसावं तर शेपटासकट गिळल्यासारखं होतं. भांडावं तर चार बायका म्हणणार, अगबाई, कौतुक करतेय ना ती!

मी मेलबर्नच्या ट्राम कंडक्टरची मुलगी. रॉसशी लग्न करून विमेराच्या शेतकरी मुलुखात आले. चहूकडे गहू, मधे एक पत्र्याचा हॉल, आणि स्टेशनाजवळ धान्याची उंच कोठारं. चुलीत मॅलीच्या झाडाची मुळं जाळायचे, आणि ती एकदा पेटली की त्या चुलीवर ताबा ठेवणं म्हणजे घोडा आवरणं. तरी पहिल्याच वर्षी मी हौसेनं ऑक्टोबरच्या शोमध्ये, म्हणजे गावच्या शेतकी प्रदर्शनात, स्पंज केक दिला. बदकाची अंडी घालून केला होता, चांगला चार बोटं वर आला होता. पण डब्यातून काढला तो सरळ तारेच्या जाळीवर उपडा घातला. तारांचे वळ उठले वरच्या अंगाला. घरी खायचा केक असता तर कुणाच्या बापाला कळलं असतं? पण शोच्या केकखाली जाळीवर फडकं घालायचं असतं, हे विमेरातल्या पोरींना पाळण्यात असल्यापासून माहीत असतं. परीक्षक बाईंनी केक उचलून बाजूला ठेवला आणि कार्डावर लिहिलं, 'जाळीच्या खुणा.'

एनिड शेजारीच होती. "उंची किती छान आलीय! आणि वर नक्षीसुद्धा काढलीस. हौशी आहेस हो!"

सगळा हॉल हसला. मीही हसले. नुसती हसले नाही, वर म्हणाले, "आमच्या मेलबर्नला ट्रामचे रूळसुद्धा केकवरच छापतात!" मग तर बायकांनी पोट धरलं. मला वाटलं, जिंकलं मी. डोंबल जिंकलं! त्या दिवसापासून माझं नाव पडलं 'जाळी'. आपणच आपल्यावर हसलो की लोकांना वाटतं, दार उघडंच आहे, या आत. "जाळी, बटाट्याचं सॅलड तू आण, त्यात काही बिघडत नाही." "जाळीला पोर झाली बघ, अंगावर वळ नाहीत ना?" आणि प्रत्येक वेळी मी दात काढायची. घरी आले की उशीत तोंड खुपसून रडायची.

मग एका नाताळच्या जेवणात माझा तोल गेला. एनिडच्या व्हरांड्यात बसलो होतो. आमच्याकडे नाताळ म्हणजे ऐन उन्हाळा, उकाडा असा की लोणी बशीत वितळून गेलेलं. मी हॅम कापत होते. एनिड म्हणाली, "वा, काय सरळ काप काढतेस! सरळ रेघा तर तुझा हातखंडाच." मी सुरी आपटली. "पुरे झालं, एनिड! दर वेळी मीच का?" आवाज इतका चिरका निघाला की कुत्रं टेबलाखालून पळालं.

एनिडचे डोळे बशीएवढे झाले. "अगं, मी तर चांगलंच म्हणाले!"

परतताना गाडीत रॉस म्हणाला, "गंमत होती ती, कोरल." आमच्याकडे एखाद्यानं शेजाऱ्याचा गहू पेटवला तरी त्याला कधी ना कधी माफी मिळते. पण गंमत सोसत नाही असं एकदा ठरलं की संपलं. नंतर मी खोलीत आले की बायका कुजबुजायच्या, "जपून हं, जाळीला लागेल." म्हणजे आगीतून फुफाट्यात. आधी एकच टोपणनाव होतं, आता त्याला हळवेपणाची झालर लागली.

त्या हिवाळ्यात डॅड आमच्याकडे राहायला आले. मी त्यांच्यापुढं सगळं ओकले. ते शेकोटीपाशी बूट पुसत होते.

"ट्रामवर रोज एखादा भेटायचा," ते म्हणाले. "'या वयात हिशेब जमतो तुम्हाला, कमाल आहे!' मी भाडं घ्यायचो, तिकीट द्यायचो, 'थँक्स' म्हणायचो आणि पुढच्या बाकाकडं वळायचो. वरचं त्याचं त्याच्याकडं. खिशात टाकायचं नाही, तोंडावर फेकायचं नाही."

"पण तो खोटं बोलला तर? तर काय ऐकून घ्यायचं?"

"छे! खरं काय ते सांगायचं. पुढच्या स्टॉपचं नाव पुकारायचो ना मी, तेवढ्याच आवाजात."

ऐकायला सोपं. करून बघा! मी कोंबड्यांपुढं सराव केला. पहिली अडचण तोंडाची. ते आपोआप हसतं, जन्माची खोड. दुसरी आवाजाची, तो वाक्याच्या शेवटी वर चढतो आणि लढाई सुरू. तिसरी अडचण सगळ्यात मोठी. खरं ते सांगून झालं की थांबता येत नाही. 'म्हणजे माझा तसा अर्थ नव्हता', 'म्हणजे रागावू नकोस', असं काहीतरी मागून ओतावंसं वाटतं. कोंबड्यांना माझा कंटाळा आला असेल.

आणि मग मेरिनची गोष्ट आली. माझी मेरिन तेव्हा आठेक वर्षांची. शाळेत तिला 'छोटी जाळी' म्हणायला लागले होते. शोच्या मुलांच्या गटात कागदी वाटीतले छोटे पॅटी केक देऊ या म्हटलं, तर ती म्हणाली, "नको मम. सगळे हसतील. तुला हसतात तसं." आणि मी बघत होते ना, एनिडनं माझी गंमत केली की पोर चटकन हसायची, सगळ्यांच्या बरोबर असलं की बरं असतं म्हणून. हसणारी आई किंवा किंचाळणारी आई, याशिवाय तिनं तिसरी बघितलीच नव्हती. नाव माझं गेलं तर गेलं, पण माझी मुलगी माझ्यापासून सुटून चालली होती.

कशीबशी तयार केली तिला. लोणी आणि साखर फेटायला शिकवलं, हात दुखला तरी थांबायचं नाही. कागदाच्या वाट्या अर्ध्याच भरायच्या, चुलीचं दार मधेच उघडायचं नाही. सगळं तिनंच केलं, मी फक्त चूल सांभाळली.

शोच्या दुपारी हॉलचं दार उघडलं आणि मेरिनच्या बशीवर पहिल्या बक्षिसाची निळी फीत! पोर जागच्या जागी उड्या मारायला लागली. तेवढ्यात एनिड आली, मागं पाच-सहा बायका.

"मेरिन! काय देखणे झालेत गं! आईचा हात नाही आला तुझ्या वाट्याला, देवाची कृपा!"

लेकी बोले, सुने लागे. बायका हसायच्या बेतात होत्या. मेरिनसुद्धा हसू लागली आणि मधेच थांबली. माझ्याकडं बघायला लागली. मी हसले तर तिचं बक्षीस माझी थट्टा करून मिळाल्यासारखं होणार होतं. मी भडकले तर तिच्या निळ्या फितीवर विरजण पडणार होतं, कायमचं.

मी हातातली पिशवी खाली ठेवली. एनिडकडं बघितलं, रोखून नाही, नुसतं.

"थँक्स, एनिड. छानच झालेत. मीच शिकवलं तिला."

आणि गप्प झाले. देवा, ती शांतता! पत्र्यावर गलाह पक्षी नखं घासत होते तेवढं ऐकू येत होतं. जीभ नुसती सळसळत होती, काहीतरी बोल, हस, निदान खांदे उडव. मी काही केलं नाही. बायकांना हसायला कुठं जागा मिळेना, कारण मी दिली नव्हती. आणि मला हळवी म्हणावं तर मी आभार मानले होते.

एनिड गडबडली. "अगं, गंमत केली मी, जाळी!"

हा दुसरा सापळा. 'छे, मला नाही वाईट वाटलं' म्हटलं की आपण परत त्यांच्यात. 'मला नाही आवडत' म्हटलं की सुरी आपटल्यासारखंच.

"हो, कळलं मला," मी म्हणाले. स्टॉपचं नाव पुकारावं तसं. मग पिशवी उचलली. "तुझ्या फ्रूटकेकला पहिलं मिळालं ना? मगाशी कापलेला बघितला मी. एकही चेरी तळाला गेली नव्हती. कसं करतेस गं?"

ते मी मनापासून विचारलं होतं, आणि त्याला शेपूट नव्हतं. एनिडनं क्षणभर वाट बघितली, मला वाटतं शेपटाचीच. ते आलं नाही तशी तिचा आवाज उतरला. "पिठात घोळवते आधी," ती म्हणाली. "आणि ब्रँडीत भिजवलेली नीट कोरडी करते." मग आम्ही दोघी तिच्या केककडं गेलो. मेरिन माझा हात धरून मधे चालत होती.

गाडीत मेरिननं विचारलं, "मम, तू चिडली होतीस?"

"नाही."

"मग हसली का नाहीस?"

"हसण्यासारखं काही नव्हतं बाळा."

तिनं फीत बोटाला गुंडाळली. "पुढच्या वर्षी स्पंज करू या? फडकं घालून?"

एनिड काही एका दिवसात सुधारली नाही. माणूस म्हणजे काय केकचा साचा आहे? शेपटं चालूच राहिली, आणि दर वेळी मी भाडं घेतलं, तिकीट दिलं. पण जाळी म्हणणं आपोआप बंद पडलं. टाळी वाजेना, मग हात कोण पुढं करणार? आणि खरं सांगू, तिच्यात कौतुक नव्हतंच असंही नाही. मेरिनच्या वेळी बाळंतपणात बाळाचे लंगोट तिनंच धुतले, रोज, थंडीत, बोटं लाल होईस्तोवर. वाळत घालताना म्हणाली होती, "तुझी आई इथं असती तर तिला हे जमलं नसतं." तेव्हा ते टोचलं. आता आठवलं की हसूच येतं.

तो पत्र्याचा हॉल पाडला. रॉस गेला. एनिड आता गावातल्या वृद्धाश्रमात असते, खिडकीजवळच्या खोलीत. गेल्या ऑक्टोबरात मेरिननं केलेला स्पंज घेऊन आम्ही मायलेकी गेलो. मेरिनचेसुद्धा केस आता पांढरे व्हायला लागलेत. तिनं चहा ओतला, मी काप काढले. एनिडनं सावकाश घास खाल्ला, डोळे मिटले.

"कोरल, स्पंज फार छान झालाय."

मी काटा हातात धरून थांबले. चाळीस वर्षांची सवय. एनिड खिडकीतून बाहेर बघत होती. मेरिननं माझ्याकडं बघितलं, तसंच, आठ वर्षांची असताना बघितलं होतं तसं.

"आणि?" शेवटी मीच विचारलं.

"आणि काय? छान झालाय." एनिड जरा वैतागलीच. "तूच शिकवलंस ना हिला?"

"हो. थँक्स, एनिड," मी म्हणाले, आणि या खेपेला माझा आवाज काही सरळ राहिला नाही.