नावाची जागा

सईदाने उशीखालून कागद काढला आणि घडी न उघडताच पुढे केला. पौर्णिमाने तो घडीतच ओळखला. जाडसर, पिवळट, कडेने बारीक काळी रेघ. असला कागद मूर्तिजापुरात एकाच दुकानात मिळायचा, आणि ते दुकान तिचं होतं.

"जरा पढ़ के बताओ, भाभी," सईदा म्हणाली. "सूर्यभान पाटलाकडून आला हाये."

पौर्णिमाने आधी हातातला डबा खाली ठेवला. वरण, भात, वांग्याची भाजी. मयतीच्या घरी काही दिवस चूल पेटत नाही, शेजारपाजारचे डबे येतात, हे तिला कोणी सांगावं लागलं नव्हतं. मागच्या गल्लीतच घर होतं. सईदाचा मुलगा हसनैन तिच्या दुकानाचे फ्लेक्स खांबांवर चढून बांधायचा. या नवरात्रात मंडळाचा फ्लेक्स बांधायला भलताच कोणी आला, तेव्हा तिने विचारलं, आणि तेव्हाच तिला कळलं की हसनैन गेला. कसा, ते सांगणाऱ्याने सांगितलं नाही. नुसती मान हलवली.

आता ती सईदाजवळ सतरंजीवर बसली होती आणि कागद मांडीवर होता.

"बाद में पढ़ो," तिचा चेहरा पाहून सईदा म्हणाली. "पैले बात सुनो. पाटलाच्या वावरात होता हसनैन. तीन दिवस फवारत होता. या साली कपाशीची पऱ्हाटी केवढी वाढली, मानुस आत गेला त दिसत नाही. पंपाचा फवारा वर मारायचा, की तो तोंडावरच येते. तोंडाले माझा दुपट्टा बांधून गेला होता. तिसऱ्या दिवशी घरी आला न् म्हणे, अम्मी, लाइट गई क्या. भर दुपारी." ती दुपट्ट्याच्या टोकाचा दोरा ओढत राहिली. "उलट्या, घाम. अकोल्याले नेलं. तिथं गेला."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"विष. कागदावर तेवढंच. नाकातून गेलं का तोंडातून गेलं, ते मोठ्या तपासणीत निघन म्हणते. कई महीने. तवर लोकं काय थांबते? ज़हर पिया होगा बोलते. जनाज़े में दो-चार लोग पीछे हट गए, भाभी. पिऊन मेलेल्याची नमाज़ पढायची नाही म्हणून. याचे अब्बा तवापासून मशिदीत जाऊन राह्यले नाहीत. घरीच पढते, भिंतीकडे तोंड करून."

पौर्णिमाने कागदावरचा अंगठा काढला. घामाचा डाग पडला होता.

"पाटलानं एक लिहिलं असन," सईदा म्हणाली, "की पोरगा माझ्या वावरात फवारता फवारता गेला, त मी तो कागद मशिदीत नेईन. मले दुसरं काही नाही पाह्यजे."

आता कागद उघडल्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि उघडायची तर गरजच नव्हती. आतला शब्द न् शब्द पौर्णिमाला पाठ होता.

शाळा तिची सातवीतच सुटली. पुढचं सगळं छापखान्यात आलेल्या कागदांनी शिकवलं. वामनरावांशी लग्न होऊन ती आली तेव्हा ते छपाईचे शिशाचे खिळे जुळवत आणि ती चुका काढत असे; मग कॉम्प्युटर आला, ते मशीन बघू लागले आणि लिहायचं काम तिच्याकडे आलं. लग्नपत्रिका, निरोपसमारंभ, शोकसंदेश. सुरुवातीला ती शोकसंदेशाला आलेल्या माणसाला बसवून घ्यायची. तीन गोष्टी विचारल्याशिवाय पेन उचलायची नाही. गेलेला तुमचा कोण? घरची रीत काय? आणि गेला कसा? कारण कुणाकडे कैलासवासी चालतं, लिंगायताकडे लिंगैक्य लागतं, बौद्धांच्या घरी कालकथित लिहायचं आणि ईश्वराला मध्ये आणायचं नाही, मुसलमानांकडे मरहूम. जळालेल्या सुनेच्या माहेरी नियती हा शब्द पाठवायचा नाही. हे सगळं तिला येत होतं. मग कामं वाढली, आणि तिने एक मजकूर असा बसवला की तो कुणालाही बसावा. शिवलेल्या झग्यासारखा नव्हे, पांघरुणासारखा. अडत्यापासून पुढाऱ्यापर्यंत सगळ्यांना तो आवडायचा. तिलाही आवडायचा. त्या तीन गोष्टी आता कुणी सांगत नव्हतं आणि ती विचारत नव्हती.

अमोल आला होता तेव्हा तर गाडीवरून खालीही उतरला नव्हता. सूर्यभान पाटलाचा हा मुलगा. त्याच्या लग्नाच्या पत्रिका तिनेच केलेल्या.

"काकू, एक शोकसंदेश द्या करून. बाबांच्या नावानं."

"कोणाकडं द्यायचा?"

"हाये एक घर."

"घरोब्याचं, का नुसतं ओळखीचं?"

"तुमचा नेहमीचा द्या ना. नावाची जागा सोडा, मी भरतो पेननं."

नेहमीचा म्हटल्यावर तिला बरंच वाटलं होतं. मंडळाचे सतरा फ्लेक्स खोळंबले होते. तिने जागा सोडली, सहा टिंबं दिली आणि कागद मशीनमधून गरम असतानाच त्याच्या हातात ठेवला.

त्या टिंबांवर आता निळ्या पेनने हसनैन लिहिलेलं होतं. घाईत. शेवटचा न टिंबांच्या बाहेर गेला होता.

"पढ़ो," सईदा म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

पौर्णिमा वाचू लागली.

"आपल्या कुटुंबातील हसनैन यांच्या अकस्मात निधनाची वार्ता ऐकून मन सुन्न झाले. आपल्या कुटुंबाशी आमचा जुना स्नेह आहे..."

पुढची ओळ तिची सगळ्यांत लाडकी होती. गेलेला कसा गेला ते ठाऊक नसलं की ही ओळ कामी यायची, आणि ऐकणाऱ्याचे डोळेही भरायचे. 'ते का गेले, कसे गेले, हे एक तो परमेश्वरच जाणे.' दारात तांब्याचा आवाज झाला. सईदाची मुलगी उज्मा पाणी घेऊन आली आणि चौकटीला टेकून उभी राहिली.

पौर्णिमाने पदर नीट केला. नजर कागदावरच ठेवली.

"हसनैन आमच्या शेतात फवारणी करत होता," ती वाचत गेली. "तीन दिवस. पऱ्हाटी डोक्याच्या वर होती. तोंडाला बांधायला आम्ही त्याला काही दिलं नाही, तो घरून दुपट्टा बांधून आला होता. त्याने विष घेतलं नाही. ते आमच्या कामात त्याच्या अंगावर आलं. अल्लाह मरहूमची मग़फ़िरत करो आणि त्याच्या आईवडिलांना सब्र देवो. सूर्यभान आणि परिवार."

बाहेर हसनैनच्या अब्बांची, कुर्बानमियांची, कापूस पिंजायची धनुकली भिंतीला टांगलेली होती. वाऱ्याने तिची तार हलकेच वाजली आणि थांबली.

सईदाने डोळे उघडले. "अच्छा लिखा है," ती म्हणाली. कागद घेतला, होत्या त्याच घड्यांवर मिटला, आणि उशीखाली ठेवला. मशिदीचं नाव काढलं नाही. कुर्बानला हाकही मारली नाही.

पौर्णिमा वाट पाहत बसली. मग तिला बसवेना.

"निघते," ती म्हणाली.

"डब्बा उद्या भेजते."

"राहू दे. काही घाई नाही."

उज्मा तिला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली. अंगावर कॉलेजचाच ओढणीचा ड्रेस होता. मराठी शाळेतून बारावी झालेली. तिचा निकाल पेपरात आला तेव्हा अभिनंदनाचा फ्लेक्स पौर्णिमानेच लिहिला होता आणि हसनैनने चौकात बांधला होता. हे पौर्णिमाला आत बसली असताना आठवलं नव्हतं. आता आठवलं.

"मावशी, एक इचारू?"

"विचार ना."

"पंचत्वात विलीन म्हंजे काय? आमाले शाळेत नव्हतं. जाळणं का?"

पौर्णिमाने तो शब्द वाचताना गाळला होता. पायातली चप्पल निघाली नव्हती, तरी ती वाकून चपलेचा अंगठा बसवत राहिली.

"हो," ती म्हणाली. "तसंच."

"आमच्यात पुरते."

"माहीत आहे गं मला."

"तेच मी अम्मीले म्हटलं, की मावशीले माहीत हाये. मग लिहिलं काहून, त्ये मले नाही समजलं." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर पौर्णिमाला सोपं गेलं असतं. "मी पयल्याच दिवशी वाचून दाखवला होता तिले. पूर्ण. परमेश्वर जाणे, तेबी."

"मग मला कशाला वाचायला लावलं?"

उज्मा ओढणी डोक्यावर सारखी करत राहिली. "असला कागद तुमीच देता, हे गल्लीले माहीत हाये. अम्मी म्हणे, तिच्या तोंडून ऐकू एकदा. वाचता वाचता काही म्हणन त म्हणन."

गल्लीच्या तोंडाशी एक सायकल आली, म्हणून दोघी भिंतीला लागल्या.

"म्हटलं तुमी," उज्मा म्हणाली. "पन ते कागदावर नाही, मावशी. आमी काय न्यावं मशिदीत?"

दुकानात वामनराव फ्लेक्सच्या कडा दुमडत बसले होते. त्यांनी वर पाहिलं आणि काही न विचारता पंखा तिच्याकडे वळवला. पौर्णिमाने कॉम्प्युटर सुरू केला. फाइलचं नाव 'नेहमीचा' असं होतं. तिने ती उघडली, मजकूर वरपासून खालपर्यंत निवडला आणि पुसला. नुसती काळी चौकट उरली. तिने फोन उचलला.

"बोला काकू," अमोल म्हणाला.

"ते शोकसंदेशाचं होतं. माझ्या तीन गोष्टी विचारायच्या राहून गेल्या."

"तो त देऊन झाला ना."

"झाला. मी आत्ताच वाचून आले." तिने फोन खांद्यात धरला. "हसनैन तुमच्याकडे कोण होता, अमोल?"

पलीकडे ढोरांच्या घंटांचा आवाज येत होता.

"मजूर होता," तो म्हणाला. "तुमाले त माहीत झालं असन आता."

"मला माहीत होऊन भागत नाही. कोणाच्या शेतात?"

"काकू, बाबा घरी हायेत. जेवून राह्यले."

"थांबते मी. जेवू दे."

"तसं नाही. हे लिहून देनं म्हंजे..." त्याने वाक्य सोडून दिलं. तिने त्याला शब्द पुरवला नाही. आयुष्यभर लोकांना तिने शब्द पुरवले होते. फ्लेक्स बाजूला ठेवून वामनराव उभे राहिले होते.

पलीकडे ताट सरकल्याचा आवाज आला आणि मग सूर्यभानचा, जरा दुरून. "कोनाचा फोन हाये रे?"

"छापखान्याच्या काकू," अमोल म्हणाला.

"दे इकडं."

पौर्णिमाने पदराला हात पुसले आणि बोटं कीबोर्डच्या कळांवर ठेवली.