कार्डावरची हळद

"हात लावलास बटणाला तर हातच मोडून ठेवीन!" मी ओरडलो तेव्हा कार्यालयातला बँडवाला पण थांबला.

ओरडलो म्हणजे मीच, संयोगिता. बाईमाणूस असून 'ओरडलो' काय म्हणतेस, असं बाहेरगावचे विचारतात. कोल्हापुरात आम्ही बायका आलो, गेलो, जेवलोच म्हणतो. जमत नसेल तर पुढचं वाचू नका.

हात लावत होता माझा नवरा यशराज. दोघं मिळून आम्ही स्टुडिओ चालवतो. फोटो माझे, व्हिडिओ त्याचे. माझ्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर आलेलं, 'कार्ड वाचता येत नाही. फॉरमॅट करा.' आणि ह्या शहाण्याचा अंगठा थेट 'ओके'वर!

"अगं, अक्षता तोंडावर आल्यात," तो म्हणाला.

"तुझ्या बॅगेत दुसरं कार्ड हाय न्हवं? ते घाल. ह्याला शिवायचं न्हाय. ह्याच्यात आक्का हाय."

आक्का म्हणजे नवरी नंदिनीची आई. कोडोली गावचं घर. नवरा गेल्यापासून आक्का कुणाच्या हळदीला पुढं आली नव्हती. सकाळी पोरीच्या हळदीला पण दाराआड उभी होती. धाकटी जाऊ सगळ्यांना हळद लावायला बोलवत होती, आक्काकडं मात्र बघतच नव्हती. तेवढ्यात नंदिनी पाटावरनं उठली, हळदीची वाटी उचलली आणि आईच्या दोन्ही गालांना फासली. म्हणाली, "पहिली हळद माझ्या आईचीच. ज्याला पटत न्हाय त्यानं जेवून जावं."

आक्का आधी घाबरली आणि मग हसली. अशी हसली म्हणता, पोटापासनं! पोरीला लावली, आरशाला लावली, मला पण सोडलं नाही. माझे दोन्ही हात धरले आणि तेलातली हळद कोपरापर्यंत चोळली. "तू बी घे की गं, फोटोवाले!" एका हातानं कॅमेरा सांभाळत मी सगळं टिपलं. यशराज तेव्हा व्हिडिओ काढायला नवऱ्या मुलाकडं गेलेला. मोबाईल कुणी काढला नाही, कारण जावेनं डोळे वटारलेले.

मग नंदिनी मागं लागली, आईचा फोटो आत्ताच्या आत्ता मोबाईलवर पाहिजे. मी पण भुललो. हात ओढणीला पुसल्यासारखे केले, कॅमेरा बंद करून कार्ड काढलं, रीडरात घालून तिच्या मोबाईलला लावलं. मोबाईल म्हणतोय, कार्ड खराब, फॉरमॅट करा. परत कॅमेऱ्यात घातलं, तर तेच. बंद करून चालू केला, तेच. कार्डाच्या बाजूचं लॉक वरखाली करून बघितलं, तेच.

यशराजवर ओरडल्यावर त्याच्या लॅपटॉपला लावलं, तिथं पण तीच पाटी, 'वापरण्याआधी फॉरमॅट करा.' मी रद्द केलं. तेवढ्यात उदयसिंहकाका आले, नंदिनीचे चुलते. काय झालं ते ऐकलं आणि म्हणाले, "मग करा की फॉरमॅट. बरंच झालं म्हणायचं. देवालाच नको होतं ते."

मी कार्ड मुठीत घेतलं. त्यांच्या मागं आक्का उभी होती. तोंड स्वच्छ धुतलेलं, पदर डोक्यावर.

"पूस बाई," ती हळूच म्हणाली. "कशाला उगं भांडणं."

नंदिनीनं माझा दंड धरला. मुंडावळ्यांच्या आडनं ती रडत होती. "ताई, काय बी कर. ती परत हळद लावून घ्यायची न्हाय. मला ठाऊक हाय." मी तिला शब्द दिला, आणि देताना मला स्वतःचाच राग आला, कारण माझ्याकडं शब्दाशिवाय काहीच नव्हतं.

कार्ड डबीत घातलं. अक्षता पडल्या, मी फोटो काढले. आक्का सगळ्यात मागच्या खुर्चीवर बसलेली. काकांनी तिला एकदाही पुढं बोलावलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओत बसलो, तर हालत आणखी वाईट. आता कॉम्प्युटर फॉरमॅट करा पण म्हणेना. कार्ड घातलंय हेच त्याला कळेना. दुसऱ्या पोर्टला लावलं, न्हाय. यशराजच्या कॅमेऱ्यात घातलं, न्हाय. गेलेले फोटो परत काढायचं सॉफ्टवेअर आहे आमच्याकडं, पण ते तरी काय करणार? कार्ड दिसलं तर त्यातलं उपसणार ना!

"गेलं ते," यशराज म्हणाला. "सांग पोरीला."

"तूच सांग! काल ओके दाबायला लई पुढं होतास न्हवं?"

तो बिचारा चहा सांगायला बाहेर गेला. मी टेबलावर डोकं टेकलं आणि खरं सांगतो, रडलो. लोकांची लग्नं आपल्या भरवशावर होतात हो. परत हस म्हणून आक्काला कसं सांगायचं?

"पुसलंस न्हवं?" दारात आक्का. हातात बुंदीच्या लाडवांचा पुडा. "लाडू द्यायला आलो. आणि ते... पुसलंस का बघायला."

कोडोलीहून एसटीनं एवढ्या लांब लाडू द्यायला! पुसायचंच असतं तर ती आली नसती, एवढं मला कळलं. म्हटलं, "बसा. आपोआपच पुसलं गेलंय बहुतेक. कार्डच लागंना झालंय."

ती बसली. पुड्याचा दोरा सोडायला लागली, तो काही सुटेना. मी तिच्या हातांकडं बघितलं. नखांच्या कडा अजून पिवळ्या होत्या. तोंड धुतलं होतं, पण नखांतली हळद कुठं लगेच जाते?

मी माझी नखं बघितली. ती पण पिवळी.

"अगं बाई गं!" मी कार्ड उलटं केलं. मागच्या सोनेरी पट्ट्या खिडकीपाशी धरल्या. वरवर काही दिसत नव्हतं. लेन्सच्या कामाचं स्पिरिट कापसाच्या काडीला थोडंसं लावलं, पट्ट्यांवरनं हलकेच फिरवलं. काडी पिवळीधमक! परत फिरवली, परत पिवळी. तेलातली हळद पट्ट्यांवर बसलेली, आणि कालच्या त्या जुन्या रीडरात पण गेलेली असणार. दोष आतल्या फोटोंचा नव्हताच, मशीनला कार्ड टेकतच नव्हतं.

"ही तर माझी हळद," आक्का काडी बघून म्हणाली.

"तुमचीच की! कोपरापर्यंत चोळलीसा मला, विसरलासा व्हय?"

कार्ड पूर्ण वाळू दिलं. तेवढ्यात मी पुड्याचा दोरा कापून दिला. मग नवीन रीडर काढला, कार्ड घातलं. डोळे मिटले. अंबाबाईला काय काय कबूल केलं ते सांगत नाही.

टिंग.

फोल्डर दिसला. उघडून बघायचा मोह आवरला, आधी सगळंच्या सगळं हार्डडिस्कवर उतरवून घेतलं. मग पहिला फोटो उघडला.

पडदाभर आक्का. गाल पिवळे, डोळे मिटलेले, तोंड उघडं, मागं जावेचं आंबट तोंड.

ती खुर्चीवरनं उठून पडद्यापाशी गेली. बराच वेळ बघत राहिली. "अशी हसतो व्हय मी?"

"मग! पुसू का?" मी मुद्दाम विचारलं.

"हात तर लाव!" ती माझ्यावर ओरडली. मी काल ओरडलो तशीच. मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "मोठा काढ. बाहेरच्या सोप्यात दारासमोर लावतो. कार्यालयात मागं बसलो, घरात तरी म्होरं बसतो."

यशराज चहा घेऊन आला, तेव्हा आम्ही दोघी लाडू खात होतो.