‘क्षमा’ या विषयासाठी एक अवतरण

साहित्याच्या परीक्षेत पुस्तक जवळ ठेवता येत नाही, म्हणून नेमलेल्या नाटकातली वाक्यं मुलांकडून घोकून घ्यायची, हा आमच्या शाळेचा दरवर्षीचा उद्योग. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या विभागप्रमुख, विषयवार अवतरणं काढतात, त्यांवर नमुना उत्तरं लिहितात आणि मग सगळ्या वर्गांना वाटतात. छोटी अवतरणं, पटकन तोंडपाठ होणारी.

‘क्षमा’ या विषयाखाली नाटकातल्या आईचं वाक्य होतं: ‘मी त्याला माफ केलं.’ त्याखाली आईच्या विशाल हृदयावर पानभर नमुना उत्तर.

माझ्या वर्गातल्या एका चष्मेवालीनं पूर्वपरीक्षेत भलतंच लिहिलं. आईनं मुलाला माफ केलेलंच नाही, असं; आणि अवतरणही वाटलेल्यापेक्षा लांब. वीसपैकी सात. समासात मोठ्या बाईंचा लाल शेरा: ‘अवतरण चुकीचे.’ याच गुणांवर कॉलेजच्या साहित्य शाखेसाठी शिफारस मिळणार होती. पोरीला दुसरं काही शिकायचंच नव्हतं.

मी नाटक उघडलं. वाक्य असं होतं: ‘मी त्याला माफ केलं, असं त्याला वाटत राहू दे.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुस्तक घेऊन मी तडक मोठ्या बाईंच्या खोलीत गेले आणि ते पान त्यांच्या चहाच्या कपाशेजारी आपटलं.

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं.

“हो गं, बरोबर आहे तिचं. पण एवढं लांब वाक्य पोरांच्या लक्षात राहतं का? मी आटोपशीर केलं.”

“आटोपशीर? अहो, अर्थच उलटा झाला!”

“हळू बोल. परीक्षा तोंडावर आलीये. आता बदललं तर सगळे गोंधळतील.”

“निदान तिचे गुण तरी द्या.”

“एकीचे वाढवले की सगळ्यांचे पेपर पुन्हा तपासायला काढायचे. पालक दारात उभे राहतील. शिफारशीची यादी गेली सुद्धा.” एवढं बोलून त्यांनी चहा संपवला. लाज नावाची गोष्ट त्या बाईच्या गावी नव्हती.

चष्मेवाली वर्गात एकटीच थांबली होती. मी तिला सगळं सांगितलं. तू बरोबर होतीस, हे दोनदा सांगितलं. तिनं मान डोलावली, रडली मात्र नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

“माझी आई म्हणते, शहाणपणा पुरे. दिलंय तेवढं पाठ कर,” ती म्हणाली. “म्हणून दाखवू, बाई?”

“अगं, बोर्डाचे परीक्षक वेगळे असतात. त्यांना तुझंच उत्तर आवडेल. तू तुझंच लिही.”

“तुम्हीही बाईच आहात ना इथल्या,” ती म्हणाली. हात पाठीमागे बांधून ती उभी राहिली आणि आईच्या विशाल हृदयावरचं पानभर उत्तर तिनं एका दमात म्हणून दाखवलं. एक शब्दही चुकला नाही.