चोवीस वेळा दिलं, नऊ वेळा परत आले

देवेशने पोस्टर आधीच टाकलं होतं. एक मे, सकाळी दहा वाजता, मंडळाच्या पानावर. क्लॅरिसचा कुठल्यातरी लग्नातला फोटो, मागे लाल थेंब, आणि वर जाड अक्षरांत – ‘२५ वेळा रक्तदान! ७५ जीव वाचवणारी आंबोली गावठाणाची रणरागिणी!’

क्लॅरिसला हे कळलं ते शिबिराच्या रांगेत. पुढे उभ्या असलेल्या बाईने मागे वळून विचारलं, “तूच ना गं ती?” आणि मोबाइल तिच्यासमोर धरला.

क्लॅरिस परेरा एका मोठ्या हॉटेलच्या लॉन्ड्रीत सुपरवायझर. सहार रोडला आठ तास वाफेत उभं राहायचं, चादरींवरचे डाग कुठले निघतील आणि कुठले नाहीत ते बघून सांगायचं. वय एकोणचाळीस. अंधेरीतल्या या गावठाणात तिचा जन्म गेलेला, त्यामुळे देवेशला ती तो हाफपँटमध्ये होता तेव्हापासून ओळखत होती. आता तो मंडळाचा सेक्रेटरी होता आणि दर महाराष्ट्र दिनाला शाळेच्या हॉलमध्ये रक्तदान शिबिर भरवायचा. शिबिर चांगलं व्हायचं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. ब्लड बँकेची माणसं वेळेवर यायची, पंखे चालू असायचे, चहा गरम असायचा.

“देवेश, हे पंच्याहत्तर जीव कुठून आणलेस?” रांगेतूनच तिने हाक मारली.

“एका पिशवीतून तिघांना देतात ना! लाल पेशी, प्लेटलेट, प्लाझ्मा. पंचवीस त्रिक पंच्याहत्तर.”

“तिघांना देता येतं, रे. तिघांना दिलंच, आणि तिघेही वाचलेच, हे तुला कोणी सांगितलं? मलाच माहीत नाही. आणि अजून पंचविसावं झालेलं नाही. ते आधी काढ.”

“अगं, अर्ध्या तासात होईल की! पाहुणे अकराला येतायत. त्यांच्या हातून शाल. एक फोटो फक्त.”

क्लॅरिस काही बोलणार तेवढ्यात तिचा नंबर आला.

टेबलामागे शुभा होती, ब्लड बँकेची समुपदेशक. गेल्या चार-पाच वर्षांत दोघींची चांगली ओळख झाली होती, तरी शुभा दर वेळी फॉर्मवरचा प्रत्येक प्रश्न विचारायचीच. रात्री झोप झाली? नाश्ता केला? काही औषध चालू? दात काढला? टॅटू? ताप, कावीळ? पाळी चालू आहे? शेवटचं रक्त कधी दिलं? बाईच्या दोन रक्तदानांमध्ये चार महिने गेले पाहिजेत. क्लॅरिसने नोव्हेंबरची तारीख सांगितली. वजन चोपन्न. बीपी ठीक. मग बोटाला बारीक टोचणं, आणि नळीतून रक्ताचा एक थेंब निळ्या पाण्यात.

हे निळं पाणी म्हणजे मोरचुदाचं. थेंब सरळ बुडाला तर हिमोग्लोबिन पुरेसं, साडेबारा किंवा वर. तरंगला तर कमी. क्लॅरिसने हा थेंब बत्तीस वेळा पाहिला होता आणि तरी प्रत्येक वेळी ती बाटलीपाशी वाकून बघायची.

थेंब थोडा खाली गेला, थांबला, आणि हळूच वर आला.

“मशीनवर बघू,” शुभा म्हणाली. मशीनवर आलं बारा पूर्णांक एक.

“थोडक्यात गेलं,” क्लॅरिस म्हणाली.

“थोडक्यात का होईना, नाही घेता येणार. तुझ्यासाठीच. तीन महिन्यांनी ये, त्याआधी डॉक्टरांना दाखव. आणि क्लॅरिस, वाईट वाटून घेऊ नको.”

वाईट वाटायचं ते अकरा वर्षांपूर्वी वाटून झालं होतं. वहिनीच्या बाळंतपणात तिला दोन पिशव्या चढवल्या, बदली रक्त द्यायला घरातले सगळे गेले, आणि क्लॅरिसला दहा पूर्णांक आठवर परत पाठवलं. रांगेतल्या मागच्या माणसाने हसून म्हटलं होतं, “बायका काय रक्त देणार, त्यांनाच लागतं.” ती घरी येऊन बाथरूममध्ये रडली होती. मग डॉक्टर, लोहाच्या गोळ्या, गोळ्यांनी बिघडणारं पोट, आणि सात महिन्यांनी पहिलं रक्तदान. त्याचं मूळ कारण दया वगैरे काही नव्हतंच. निव्वळ राग होता.

देवेश धावत आला. त्याला कळलं होतं.

“ऐक ना. टेन्शन नको घेऊ. तू त्या शेवटच्या खाटेवर आडवी हो. हातात तो दाबायचा बॉल धर, कोपराला पट्टी लावू. फोटो काढू आणि झालं. ऑगस्टमध्ये देशील ना खरंखुरं? मग हिशोब बरोबर.”

क्लॅरिसने विचारलं, “तू मला खोटं झोपायला सांगतोयस?”

“खोटं काय त्यात? चोवीस वेळा दिलंयस की! एकाचा फरक. पाहुणे गेटवर आहेत, यार. बॅनर छापलाय. माझी वाट लागेल.”

“मग सांग त्यांना, तिचं रक्त कमी निघालं.”

“असं स्टेजवरून सांगतात का? बायका घाबरतील. पुढच्या वर्षी एक येणार नाही.”

“बायका घाबरत नाहीत, देवेश. लाजतात. परत पाठवलं की मागच्या दाराने निघून जातात आणि कोणाला सांगत नाहीत. बघ जरा दरवाज्याकडे.”

दरवाज्यात खरंच दोघी जणी चपला घालत होत्या. कोपराला पट्टी नव्हती. चहा घ्यायलाही थांबल्या नव्हत्या.

“तू स्वतः कधी दिलंस?” क्लॅरिसने विचारलं.

देवेशने आजूबाजूला पाहिलं. मग म्हणाला, “मला सुईची भीती वाटते. तुला माहितेय.”

“त्यात लाज नाही. पण मला रणरागिणी बनवून तुझी भीती झाकू नको.”

शाल न घेताच ती बाहेर पडली. शाळेच्या कट्ट्यावर बसून तिने मोबाइल काढला. तीनदा लिहून खोडलं. पहिल्यात फार राग आला होता, दुसऱ्यात फार कौतुक, स्वतःचंच. तिसऱ्यात तिने देवेशचं नाव घातलं होतं, ते काढलं. निळ्या बाटलीचा फोटो शुभाने काढू दिला होता, एवढ्याच अटीवर की कुठल्या दात्याचं नाव किंवा पिशवीचा नंबर त्यात यायला नको. त्याखाली तिने टाकलं –

‘आज माझं पंचविसावं रक्तदान व्हायचं होतं. झालं नाही. हिमोग्लोबिन १२.१ आलं, १२.५ लागतं. पंचवीस लिहिलेलं पोस्टर कुठे दिसलं तर ते चुकीचं आहे. मी चोवीस वेळा दिलंय आणि आजचं धरून नऊ वेळा परत आलेय. दोन्ही आकडे माझेच. रक्त कोणाला गेलं, काय झालं, मला माहीत नाही. द्यायला दहा मिनिटं लागतात आणि थोडं टोचतं, एवढंच मला सांगता येईल. तुम्हाला परत पाठवलं असेल तर ते नापास होणं नाही. रक्त का कमी आहे ते डॉक्टरांना विचारा, शिबिरात द्यायचं असो वा नसो. अभिनंदन करू नका. विचारायचं असेल तर विचारा.’

दहा मिनिटांत देवेशचा फोन.

“डिलीट कर.”

“नाही.”

“मंडळाची इज्जत गेली, क्लॅरिस! लोक विचारतायत, पोस्टर खोटं कसं?”

“मग पोस्टर डिलीट कर. ते तुझ्या हातात आहे.”

“तुला कोणी विचारलं होतं का परत आल्याचं? कोण लिहितं असलं?”

“मी लिहिते,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. कॅप्शन तसंच राहिलं.

खाली लोकांनी करायचं तेच केलं. ‘वाघीण’, ‘सलाम ताई’, हात जोडलेली चिन्हं. क्लॅरिसने प्रत्येकाला एकच उत्तर दिलं – ‘तुमचं शेवटचं हिमोग्लोबिन किती होतं?’ काही जणांनी आकडे लिहिले. संध्याकाळी देवेशने पोस्टर काढलं. माफी नाही, फोन नाही. नुसतं काढलं.

दोन दिवसांनी एक निरोप आला. दर्शना नावाची बाई, मागच्याच गल्लीत पोळी-भाजी करून देणारी. ‘दोन वर्षांपूर्वी याच हॉलमधून मला परत पाठवलं. सासू म्हणाली, उगाच गेलीस मिरवायला. मग मी कोणाला सांगितलं नाही. जिना चढताना दम लागतो. त्याचा याच्याशी काही संबंध असेल का?’

क्लॅरिसने लिहिलं, ‘मला माहीत नाही. उद्या अकराला दवाखान्यात चल, तिथे विचारू.’

महापालिकेच्या दवाखान्यात दर्शनाचं हिमोग्लोबिन आलं आठ पूर्णांक सहा. डॉक्टरीणबाईंनी पाळीबद्दल विचारलं, तेव्हा दर्शनाने आधी दार लोटून घेतलं आणि मग दर महिन्याला अंगावरून किती जातं ते सगळं सांगितलं. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली. साधी, पण रक्त पिणारी. औषध सुरू झालं. बाहेर आल्यावर दर्शना एकदम चिडून म्हणाली, “दोन वर्षं, गं! एका कार्ट्यानेही सांगितलं नाही की दाखव जाऊन!”

“शिबिरात कागद दिला नव्हता?”

“दिला असेल. लाजेने मी तो रस्त्यातच टाकला.”

ऑगस्टमध्ये, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या संपल्यावर एका मंगळवारी, कामावर जायच्या आधी क्लॅरिस हॉस्पिटलच्या ब्लड बँकेत गेली. बॅनर नव्हता, रांगही नव्हती. थेंब बुडाला. साडेतीनशे मिलीची पिशवी यंत्रावर डावी-उजवीकडे डुलत भरत गेली. आठ मिनिटं. तपासणीच्या नळ्या भरल्या, सुई निघाली, कापूस दाबून डावा हात वर. पंधरा मिनिटं बसून तिने सरबत आणि बिस्किटं घेतली. त्या हाताने आज जड काही उचलू नका, पाणी भरपूर प्या, नर्सने सांगितलं.

बसल्या बसल्या तिने लिहिलं. ‘आज दिलं. आठ मिनिटं लागली. इथल्या फ्रीजमध्ये माझ्या गटाच्या मोजक्या पिशव्या उरल्यात असं कळलं. शिबिरं नसतात तेव्हा असं होतं. सोमवार ते शनिवार कधीही या. परत पाठवलं तरी या.’

आकडा लिहायचा का, यावर ती थोडी अडली. मग वाटलं, तो लपवणं हाही एक प्रकारचा तोराच. तिने खाली जोडलं – ‘पंचवीस आणि नऊ.’

पहिली प्रतिक्रिया देवेशची आली. ‘तुझा अभिमान वाटतो.’

क्लॅरिसने ती पुसून टाकली. मिनिटभराने त्याचा वेगळा निरोप आला. ‘का काढलीस? मनापासून लिहिलं होतं.’

‘माहितेय,’ तिने टाइप केलं. ‘पुढच्या शिबिरात दारापाशी एक टेबल लाव. परत पाठवलेल्या बायकांसाठी. चहा, खुर्ची आणि दवाखान्याचा पत्ता. मी बसते तिथे. दर्शनाही बसेल म्हणतेय. फोटो काढायचा नाही.’

वर ‘टाइप करतोय’ दिसलं.

‘खुर्च्या किती लागतील?’ त्याने विचारलं.

‘सहा लाव,’ तिने लिहिलं, पर्स उजव्या खांद्यावर घेतली आणि सहारची बस पकडायला निघाली.