तीन वाजताचा ग्लास

सकाळी साडेनऊला रसवालीबाई चरक सुरू करायची आणि पहिला ग्लास स्वतः प्यायची. तोही गाडीच्या आड नाही, भर रस्त्यात, चार माणसांच्या देखत. "मी पिते तेच तुम्हाला देते" हे वाक्य ती बारा वर्षं ऐकवत आली होती, आणि गिऱ्हाइकांना ते तोंडपाठ झालं होतं. शेजारचा शिंपीमामा दुसरा ग्लास घ्यायचा. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं त्याचं म्हणणं.

बाई कामाला चोख होती. चरकाचे रूळ रोज घासायची, गाळणी उकळत्या पाण्यातून काढायची, ग्लास दोन पाण्यांनी विसळायची. पुढच्या चौकातला रसवाला एकाच बादलीत दिवसभर ग्लास बुचकळतो म्हणून ती नाक मुरडायची. नाक मुरडायची सवय तशी तिला जरा जास्तच होती.

गाडीच्या समोरच दवाखाना होता आणि तिची सून तिथे केसपेपर काढायला बसायची. सुनेला सातवा महिना लागला होता. दुपारी तीनला ती रस्ता ओलांडून यायची आणि सासू तिला बिनबर्फाचा रस द्यायची. पोटुशीला बर्फ नको, हे सासूने स्वतःच ठरवलं होतं. तरी तो रस गारेगार लागायचा, कारण सासूची एक खास युक्ती होती, आणि तिचा तिला कोण अभिमान!

बर्फवाला अकराला यायचा. लादी गोणपाटात गुंडाळून हातगाडीवरून आणायचा आणि लाकडी पेटीत ढकलून द्यायचा. मग बाई दुपारच्या गर्दीसाठी एक अख्खी मोळी तासून, तुकडे करून त्याच लादीवर रचायची आणि वरून ओलं पोतं टाकायची. ऊसच गार, मग रस गार. ज्याला बर्फ चालत नाही त्यालाही गारवा. अशी सोय सगळ्या रस्त्यावर कुणाकडे नव्हती.

एका शुक्रवारी सून कामावर आलीच नाही. तिला पहाटेपासून जुलाब आणि उलट्या सुरू होत्या, आणि दहा वाजता ती ज्या दवाखान्यात केसपेपर काढायची तिथेच सलाईन लावून पडली होती. मुलगा कोपऱ्यात उभा राहून नखं कुरतडत होता. सासू उशाशी बसली. आपल्या घरात पहिलं बाळ यायचं आहे आणि ही पोरगी पांढरीफटक पडली आहे, याने तिचं काळीज हललं होतं.

सिस्टरने काल काय काय खाल्लं ते विचारलं. सगळं घरचंच, सासू म्हणाली. मग सिस्टरने रसाचं विचारलं, आणि बाईला ते झोंबलं.

"बर्फ नव्हता टाकला," ती म्हणाली. "मी स्वतः पिते रोज. मला कुठे काय होतं?"

सिस्टर शांत स्वभावाची होती. कशाने झालं ते छातीठोकपणे सांगता येणार नाही, ती म्हणाली. पण कालपासून दोन रिक्षावाले याच तक्रारीने आले होते आणि दोघंही दुपारी रस प्यायले होते. बर्फात जंतू गोठतात, मरत नाहीत. लिंबू पिळल्यानेही ते मरतील याचा भरवसा नाही. बाळाचे ठोके चांगले आहेत, पाणी भरून निघालं की ही उठेल, असंही तिने सांगितलं, तेव्हा कुठे सासूने पदर डोळ्यांना लावला.

पण सिस्टरचे शब्द तिच्या डोक्यातून जाईनात. रिक्षावाले बर्फ घालूनच पितात, ते एक वेळ समजलं. सुनेने तर बर्फाचा खडाही तोंडात घेतला नव्हता. शिंपीमामा ठणठणीत, आपणही ठणठणीत. मग सून कशी आजारी पडली?

शनिवारी ती गाडीवर आली ती हात चालावेत म्हणून. घरात बसून तिचा जीव कातावला होता. साडेनऊला पहिला ग्लास काढला, सवयीने प्यायली. अकराला बर्फवाला आला. आज पहिल्यांदा तिने त्याला विचारलं, हा बर्फ कुठल्या पाण्याचा?

बर्फवाला हसला. "मावशी, हा मासळी आणि भाजी गार ठेवायचा बर्फ. खायचा वेगळा येतो. तुम्ही कधी विचारलंच नाही."

लादी पेटीत पडली. गोणपाटाचे धागे आणि जमिनीची माती तिला चिकटली होती. बाईचे हात आपल्या कामाला लागले. दोन ऊस तासले, तुकडे केले, लादीवर ठेवले. आणि मग हात थांबले. लादी वितळत होती. मळकं पाणी उसाच्या पांढऱ्या गाभ्यावरून ओघळत होतं, आणि तासलेल्या उसाला आता साल कुठे होती अडवायला? त्याचं तोंड उघडं पडलं होतं. परवाचा एक तुकडा पेटीच्या तळाशी राहिला होता. टोकाला लालसर झालेला. तिने तो नाकाशी नेला, तर आंबूस वास आला.

तिचा स्वतःचा ग्लास साडेनऊचा, नुकत्याच तासलेल्या उसाचा, बर्फ यायच्या आधीचा. शिंपीमामाचाही तोच. बारा वर्षं ती जो रस पिऊन दाखवत होती, तो दुपारी कुणाला मिळतच नव्हता.

ती स्टुलावर बसली आणि शिंपीमामाला सगळं सांगितलं. म्हणाली, "मीच पाजलं हो तिला. स्वतःच्या हाताने."

तिने लादी गटारात लोटून दिली. बर्फवाल्याला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. ऊस सालीसकट धुवून सावलीत उभा करायचा, गिऱ्हाईक समोर आलं की हात धुवून तासायचा, लगेच पिळायचा, लगेच द्यायचा. गारवा गेला तर जाऊ दे. निम्मी गिऱ्हाइकं कोमट रसाला तोंड वाकडं करून पुढच्या चौकात गेली. ती गेली तशी बाईने पाहिली, पण हाक मारली नाही.

तिने आपला ग्लासही हलवला. आता ती तीनला प्यायची, भर गर्दीत, गिऱ्हाइकासाठी तासलेल्या त्याच उसातला.

पंधरा दिवसांनी सून कामावर आली आणि तीनला रस्ता ओलांडून गाडीपाशी उभी राहिली. पोट आणखी पुढे आलं होतं, गालांवर रंग परतला होता.

"आई, अर्धाच द्या," ती म्हणाली. "आता तर सगळं स्वच्छ आहे."

सासूने समोरच्या गिऱ्हाइकाचा ऊस पिळला, ग्लास भरला आणि त्याच्या हातात दिला. सुनेला मात्र घरून आणलेली पाण्याची बाटली काढून दिली.

"बाळंत हो, मग पी," ती म्हणाली. "मला जमेल तेवढं मी करते. पण हा कच्चा रस, आणि धंदा रस्त्यावरचा. माशीला काय मी बांधून ठेवलंय? तुला नाही देणार."

गिऱ्हाईक ग्लास ओठाशी नेता नेता थबकलं. स्वतःच्या सुनेला देत नाही आणि मला देता होय, असं त्याने विचारलं.

बाईच्या मनात आलं, पूर्वी याला केवढं मोठं उत्तर दिलं असतं.

"ती दोन जिवांची आहे," ती म्हणाली. "तुमच्यासमोर तासला, तुमच्यासमोर पिळला, बर्फ नाही. माझ्या हातात आहे ते एवढंच. त्यापुढची खात्री मी देणार नाही. प्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

बाईने त्याच उसाचं उरलेलं कांडं चरकात घातलं, आपला ग्लास भरला आणि त्याच्या समोर संपवला. मग त्यानेही प्यायला सुरुवात केली, आणि सून बाटलीतलं पाणी पीत तिथेच उभी राहिली.