मूलबाळ नसणाऱ्यांसाठी जादा

माझ्या जिभेला हाड नाही, हे मला घरचे कायम ऐकवतात. जर्मनीत, श्टुटगार्टात बावीस वर्षं काढली, म्हणून नवा आलेला मराठी इंजिनियर कागदपत्रं घेऊन माझ्याकडेच येतो, आणि मलाही शहाणपणा मिरवायला आवडतो. त्या रविवारी दुपारी मंदार खांबेटे बायकोला, कस्तुरीला, घेऊन आला. आरोग्य विम्याची ऑनलाइन नोंदणी करायची होती.

“पगारातून किती उडणार, तेवढं सांगा ताई.”

मी ओळी वाचत गेले. आरोग्य विमा चौदा पूर्णांक सहा टक्के, अर्धा कंपनी भरते. विमासंस्थेची जादा वर्गणी, तीही अर्धी अर्धी. कस्तुरीला नोकरी नाही, म्हणून ती नवऱ्याच्या विम्यात फुकट. मग अंथरुणाला खिळलो तर लागणारा देखभालीचा विमा. आणि त्याखालची ओळ सगळी नोकरदारानेच भरायची, कंपनी तिच्यात अर्धं देत नाही.

“मूलबाळ नसणाऱ्यांना जादा, शून्य पूर्णांक सहा टक्के. म्हणजे भरा बाबांनो दंड,” मी हसून म्हणाले.

“मुलगी झाली होती,” कस्तुरी म्हणाली. “चाळीस मिनिटं होती.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात नियम आठवला आणि मी घाईघाईने बोलून बसले, “अगं, मग हे लागू नाही तुम्हाला. मूल जिवंत जन्मलं की झालं, मग ते असो नसो. इथे तुम्ही कायमचे आईबाप. फक्त जन्मदाखला जोडायचा.”

“कायमचे?” तिने विचारलं. तिचा चेहरा असा उजळला की मलाच भरून आलं. “मंदार, काढ ना दाखला.”

मंदारने कागदपत्रांना हातही लावला नाही.

“जन्मदाखला नाहीये,” तो म्हणाला. “डॉक्टर म्हणाले, जन्माचा वेगळा, मृत्यूचा वेगळा, कशाला खेटे घालताय? मृतच जन्मली असं लिहू, एका कागदात भागेल. तू शुद्धीवर नव्हतीस धड.”

“मी शुद्धीवर होते. ती रडली होती. तू ऐकलंस ना?”

“ऐकलं.”

“आणि सही केलीस?”

मृत जन्मलेलं मूल या नियमात बसत नाही, हे मला माहीत होतं. दाखला बदलून मिळेल का, कोर्टात जाता येईल का, असं मी काहीबाही बडबडले. ते हॉस्पिटल केव्हाच बंद पडलंय, केसपेपरसुद्धा उरले नाहीत, असं मंदार म्हणाला. मला माझाच राग आला. कशाला सांगायचा होता तो नियम?

कस्तुरीने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. अपत्य आहे का, या प्रश्नापुढे तिनेच ‘नाही’ निवडलं.

“ताई, ही दंडाची ओळ पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याला येते?”

“येते गं.”

“मग दर महिन्याला मला आणून दाखवायची,” ती नवऱ्याला म्हणाली.