डावा पाय

या, असं जवळ सरकून बसा. कीर्तनात पुढची जागा धरता ना, तसं. भीतीची गोष्ट सांगतो. भूत नाही हो तिच्यात. एका पायाची भीती आहे.

मी देविदास. लातुरात लग्नं आणि कीर्तनं शूट करतो, ती कापूनजोडून देतो. गेल्या महिन्यात नांदेडच्या सभागृहात बुद्धप्रियाचं कथक शूट केलं. मुखेडची पोर, वडील एसटीत वाहक. दिल्लीच्या एका मोठ्या महोत्सवाच्या निवडीसाठी व्हिडिओ पाठवायचा होता. नियम कडक. डोक्यापासून पायापर्यंत सगळं अंग चौकटीत हवं, कॅमेरे बदललेले चालतील, पण नाच जसा झाला तसाच दिसला पाहिजे. लबाडी सापडली की नाव बाद, शिफारस करणाऱ्या गुरूचंही.

पुन्हा नाचणं शक्य नव्हतं. कार्यक्रमाच्या रात्रीच तिचा डावा घोटा सुजला, आता पाय प्लास्टरमध्ये होता. जे होतं ते माझ्या संगणकात.

आणि त्यातच घात होता. शेवटच्या समेआधी तत्कार, म्हणजे नुसतं पायांचं काम. नेमके तेव्हा पाहुणे उशिरा आले आणि आयोजक मल्लिनाथराव शाल-नारळ घेऊन माझ्या मधल्या कॅमेऱ्यापुढं उभे राहिले. दोन आवर्तनं पडद्यावर फक्त त्यांची पाठ!

डावीकडचा कॅमेरा माझ्या मदतनीस वैजनाथचा. त्यात पोर पूर्ण दिसत होती, पण अंधारी, लहान, बाजूला अर्धा फ्लेक्स. मी तो नीट पाहिलासुद्धा नाही. सुरुवातीच्या तत्कारातला, त्याच लयीतला तुकडा उचलला आणि मल्लिनाथरावांच्या पाठीवर चिकटवला. लग्नात हार घालताना कुणी आडवं आलं की आम्ही असंच करतो. कुणाला कळतंय?

पाठवायच्या दिवशी दुपारी सुभद्राबाई आल्या, बुद्धप्रियाच्या गुरू. मागून ती, कुबड्यांवर. संध्याकाळी पाचची मुदत.

बाईंनी खुर्ची पुढं ओढली. बोटांवर मात्रा मोजत पाहू लागल्या. चिकटवलेली जागा जवळ आली.

"थांबव."

मी थांबवलं.

"ता थेई थेई तत् उजव्यापासनं. आ थेई थेई तत् डाव्यापासनं. हितं 'आ'वर उजवा पडून राहिलाय. हा पाय कुठला आणलास रे देविदास?"

तुकडा चार मात्रांनी सरकला होता. खोटं बोलायला तोंड उघडलं आणि मृदंग चुकलेल्या बुवासारखा अडखळलो. मग सगळं सांगितलं.

बुद्धप्रिया पांढरी पडली. "काका, माझा पाय खोटा केला तुम्ही? दिल्लीत मात्रा मोजणारेच बसलेत. बाईंचं नाव गेलं असतं!"

"वैजनाथचं लाव," बाई म्हणाल्या.

"लई अंधारं हाय, बाई. चेहरा दिसत न्हाई."

"चेहऱ्यानं नाचती व्हय ती? लाव!"

बुद्धप्रियानं माझा हात धरला. "नका लावू, काका."

तेव्हाच मला कळलं की भीती माझ्या एकट्याची नव्हती. तरी लावलं.

दुसऱ्या आवर्तनात तिचा डावा घोटा मुडपला. अंग वीतभर खचलं. पण पुढच्या मात्रेला पाऊल जागेवर होतं, आणि शेवटची सम तिनं त्याच पायानं घेतली.

"तवाच मोडला," ती खाली बघत म्हणाली. "सगळ्यांना सांगितलं, पायरीवर घसरले. हे दिल्लीनं बघितलं तर संपलं, बाई."

बाईंनी वर पाहिलं. भिंतीवरचं घड्याळ सव्वाचार दाखवत होतं.

"हाव, संपलं असंल," त्या म्हणाल्या. "पर सम सोडली का तू? पाय तुझा हाय. पाठवायचा का न्हाई, तू सांग."

बुद्धप्रिया पडद्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "पाठवा, काका. पर नीट कापा."

बाई शेजारी बसून हुकूम देत होत्या. "उचललेल्या पायावर कापू नको! पाय टेकू दे." मल्लिनाथराव आडवे यायच्या आधीची सम पकडली. पाऊल पडलं, तिथं वैजनाथचा कॅमेरा घेतला. अंधार थोडा उजळला, चित्र मात्र मोठं केलं नाही. केलं असतं तर पावलं कापली गेली असती. शेवटच्या समेवर ती स्थिर उभी राहिल्यावरच मधल्या कॅमेऱ्यावर परत आलो.

पाचला चार मिनिटं असताना पाठवलं. बटण तिनंच दाबलं, डोळे मिटून.

अजून उत्तर नाही. फोन वाजला की मला धस्स होतं. तिची आई विहारात वंदना घेते, मी विठ्ठलापुढं उभा राहतो. तुम्हीही आज हात जोडाल तेव्हा मुखेडच्या बुद्धप्रियाची आठवण काढा, बाबांनो. आणि तिच्या डाव्या पायाचीही.